प्रवाळभित्ती आणि प्रवाळांचे विरंजन

उष्ण कटिबंधातील उथळ, स्वच्छ समुद्रात प्रवाळ नावाच्या सूक्ष्म प्राण्यांच्या चुनखडी सांगाड्यांचे थरावर थर चढून जो खडक तयार होतो, त्याला प्रवाळभित्ती म्हणतात. या प्राण्यांच्या पेशींत राहणारी शैवाले निघून गेली की प्रवाळ पांढरेफटक दिसू लागते. या घटनेला विरंजन म्हणतात.

दागिन्यातले लाल पोवळे हेही प्रवाळच आहे, पण भित्ती बांधणाऱ्यांपैकी नव्हे. ते अंधाऱ्या जागी अतिशय सावकाश वाढते आणि त्याच्या अंगात शैवाले नसतात. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची सगळी कहाणी मात्र उजेडाची आहे.

भित्ती बांधणारा प्राणी म्हणजे पॉलिप. बहुतेक जातींत त्याची रुंदी काही मिलिमीटरच असते. त्याचे शरीर एका पिशवीसारखे असून वर एकच तोंड आणि तोंडाभोवती दंशपेशी असलेल्या शुंडांचे कडे असते. तळाशी तो ॲरॅगोनाइट या स्वरूपातील कॅल्शियम कार्बोनेटची वाटी घडवतो, तिच्यात बसतो आणि वाढता वाढता खाली नवा थर घालून स्वतः वर सरकतो. एका पॉलिपला अंकुर फुटून दुसरा होतो आणि अशा हजारो जुळ्यांची एक वसाहत बनते. खडकाचा बहुतेक भाग निर्जीव असतो. जिवंत असते ती वरची काही मिलिमीटर जाडीची कातडी.

एवढासा जीव एवढा खडक कसा उभारतो, याचे उत्तर त्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींत आहे. तिथे झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. एका शैवालाचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका असतो, आणि निरोगी प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये ती दहा लाख किंवा त्याहूनही जास्त असतात. पॉलिपच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या टाकाऊ पदार्थांतले नायट्रोजन व फॉस्फरस ती वापरतात. सूर्यप्रकाशात तयार केलेल्या शर्करा, ग्लिसरॉल वगैरेंचा मोठा वाटा ती यजमानाला देतात. उथळ पाण्यातल्या कित्येक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातून भागते. रात्री शुंडा पसरून पकडलेले प्लवक हे त्यामानाने तोंडीलावणे, तरी नायट्रोजनसाठी तेही लागतेच. चुन्याचा थर घालणे हे खर्चिक काम आहे, कारण पॉलिपला कातडीखालच्या द्रवातून हायड्रोजन आयन सतत बाहेर उपसावे लागतात. म्हणूनच उजेडात हे काम अंधारातल्यापेक्षा सरासरी सुमारे तिप्पट वेगाने होते. फांद्यांची प्रवाळे वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा अधिक वाढू शकतात, तर पोरायटिससारखी गोलाकार धोंड्यांची प्रवाळे जेमतेम एक सेंटिमीटर.

या भागीदारीचा पाया घालणारे एक महत्त्वाचे काम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर झाले. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश मोहीम क्वीन्सलंडमधील लो आइल्स या बेटांवर राहिली. अंधारात ठेवलेली प्रवाळे शैवाले गमावतात आणि पाणी तापले तरीही तेच होते, हे तिथे नोंदले गेले. विरंजनाची यंत्रणा तेव्हा कळलेली नव्हती, पण लक्षण नेमके टिपले गेले होते.

यंत्रणेत उष्णता आणि उजेड दोघांचाही हात असतो. पाणी तापले की शैवालातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि तिची रोजची डागडुजी मागे पडते. ऊन मात्र पडतच राहते. न वापरता आलेली प्रकाशऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि पेशींना जाळणारे क्रियाशील ऑक्सिजनरेणू तयार होतात. ते पॉलिपच्या पेशींत झिरपू लागले की पॉलिप शैवाले बाहेर टाकतो किंवा पचवून टाकतो. कधी शैवाले असलेल्या पेशीच गळून पडतात. ज्या उन्हाने भित्ती बांधली, तेच आता विषाचे काम करते. म्हणूनच तापलेल्या पाण्यात ढगाळ आकाश प्रवाळाला वाचवू शकते.

पांढरे झालेले प्रवाळ मेलेले असतेच असे नाही. पॉलिपची कातडी जवळजवळ पारदर्शक असल्याने रंग देणारी शैवाले गेली की खालचा सांगाडा दिसतो, एवढेच. जवळून पाहिले तर शुंडा हलताना दिसतात. प्राणी मेला की कातडी गळते आणि थोड्याच दिवसांत उघड्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची लव चढते. पाणी लवकर निवले तर उरलेल्या थोड्या शैवालांपासून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रंग परत येतो. तोवर प्राणी साठवलेल्या चरबीवर तगून असतो.

धोका किती, हे पाण्याच्या तापमानावरून मोजतात. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश सेल्सियस किंवा अधिक तापले की तो ताण धरला जातो, आणि गेल्या १२ आठवड्यांतल्या अशा ताणाची बेरीज केली जाते. समजा, ती सरासरी २९ अंश आहे आणि पाणी तीन आठवडे ३०.५ अंशांवर राहिले. दर आठवड्याचा ताण १.५, म्हणून बेरीज साडेचार झाली. चारच्या पुढे लक्षणीय विरंजन अपेक्षित असते आणि आठच्या पुढे मोठी मरतूक. एका दिवसाच्या चटक्यापेक्षा टिकून राहिलेली उष्णता घातक, हेच हा हिशेब सांगतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात ग्रेट बॅरियर रीफवर हे मोठ्या प्रमाणावर दिसले. प्रवाळशास्त्रज्ञ टेरी ह्यूज आणि सहकाऱ्यांनी विमानातून ९११ भित्त्या पाहिल्या, त्यांपैकी ९३ टक्क्यांवर कमीजास्त विरंजन होते. सर्वाधिक फटका उत्तरेला बसला. दक्षिण भाग बराचसा बचावला तो विन्स्टन चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांमुळे आणि पावसामुळे, कारण पाणी तिथे वेळेत निवले. मार्च ते नोव्हेंबरदरम्यान संपूर्ण रीफवरील प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पाहणीत धक्कादायक गोष्ट ही निघाली की पुष्कळ प्रवाळे उपासमारीने हळूहळू नव्हे, तर पहिल्या काही आठवड्यांतच थेट उष्णतेने मेली. फांद्यांच्या आणि मेजासारख्या पसरट ॲक्रोपोरा जाती सर्वांत आधी गेल्या, धोंड्यांची पोरायटिस बरीच टिकली. माझ्या मते आच्छादनाच्या आकड्यापेक्षा कोण गेले आणि कोण टिकले हा फरक जास्त बोलका आहे. माशांना आसरा देणारी फांद्यांची दाटीच विरळ झाली आणि राहिली ती ओबडधोबड ढेकळे. २०१७ मध्ये पुन्हा विरंजन झाले आणि २०१८ मध्ये भित्तीवर नव्याने बसणाऱ्या पिल्लांची संख्या पूर्वीच्या सरासरीपेक्षा ८९ टक्क्यांनी कमी भरली. वेगाने वाढणाऱ्या जातींनाही सावरायला दहा-पंधरा वर्षे लागतात. त्यानंतर २०२०, २०२२ आणि २०२४ मध्येही रीफ पांढरी पडली.

थंडीची लाट, नदीच्या पुराचे गोडे पाणी, गाळ किंवा ओहोटीत उघडे पडणे यांमुळेही विरंजन होते, पण ते सहसा एखाद्या खाडीपुरते किंवा किनाऱ्यापुरते राहते. हजारो किलोमीटरवर एकाच हंगामात पसरणारे विरंजन उष्णतेचेच असते.

अरबी समुद्रातली लक्षद्वीपची कंकणद्वीपे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अशीच होरपळली. महाराष्ट्रात मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळे गढूळ पाण्यात जगणारी, त्यामुळे उजेड आधीच कमी मिळणारी आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या पठारावर पाणी नितळ आहे आणि उथळ भागही पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरवर आहे. पृष्ठभागाचे तापमान मोजणारे उपग्रह तिथल्या प्रवाळापर्यंत पोचणारी उष्णता थेट सांगू शकत नाहीत, ती खाली उतरूनच पाहावी लागते.