पुटपुटणारं मूल आणि पियाजे-वायगॉट्स्की तक्ता

टीईटीच्या पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला 30 गुण असतात. त्यासाठी लातूर-नांदेडकडच्या अभ्यासिकांतली मुलं-मुली पियाजे आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या मतांचा तक्ता पाठ करतात. माझ्या मते त्यातली एक ओळ नीट कळली, की बाकीचा तक्ता फारसा घोकावा लागत नाही. ती ओळ आहे मुलाच्या स्वतःशी बोलण्याची.

जिल्हा परिषद शाळेच्या दुसरीतली एक मुलगी 42 वजा 17 करते आहे असं समजा. ती पुटपुटते, "दोनातून सात जाईनात. एक दशक सुटा केला. बारातून सात गेले, पाच राहिले. आता चाराचे तीनच राहिले..." समोर ऐकणारं कुणी नाही. मग ती बोलते कशासाठी?

| | पियाजे | वायगॉट्स्की |
|---|---|---|
| नाव | आत्मकेंद्रित बोलणं | स्वतःला दिशा देणारं बोलणं |
| कारण | दुसऱ्याच्या नजरेतून पाहता येत नाही | विचाराला भाषेचा आधार लागतो |
| पुढे | समाजात मिसळत विरून जातं | मनातल्या मनात बोलणं बनतं |

दोघांचाही जन्म 1896 चा. पियाजे यांनी 1923 मध्ये हे बोलणं अपरिपक्वतेचं लक्षण ठरवलं. वायगॉट्स्कींना ते पटलं नाही. त्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या. चित्र काढायला बसलेल्या मुलाला ऐन वेळी हवी ती पेन्सिल किंवा कागद मिळेना. तेव्हा स्वतःशी बोलण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. हे बोलणं नुसती अपरिपक्वता असती, तर काम अवघड होताच ते वाढायचं काही कारण नव्हतं. मूल बोलून वाट शोधत होतं. पुढच्या संशोधनाचा कलही बराचसा वायगॉट्स्कींच्या बाजूने राहिला.

याला मर्यादा आहे. गणित फारच सोपं असेल तर मूल गप्प राहून सोडवतं, फारच अवघड असेल तर पुटपुटणंही थांबतं. सर्वांत जास्त बोलणं ऐकू येतं ते मधल्या पट्ट्यात, जिथे थोडी मदत मिळाली तर काम जमतं. वायगॉट्स्कींचं 'समीपस्थ विकासाचं क्षेत्र' याच्या अगदी जवळचं आहे. म्हणूनच पाठ करायच्या तक्त्यातल्या स्वतःशी बोलणं आणि हे क्षेत्र या दोन ओळी वेगवेगळ्या घोकू नयेत.

परीक्षेत घोटाळा होतो, कारण प्रसंग एकच असतो आणि पर्यायांत दोन्ही नावं असतात. अशा वेळी प्रश्नातलं कारण शोधावं. 'इतरांचा दृष्टिकोन समजत नाही' असं असेल तर पियाजे, 'कृतीचं नियोजन करण्यासाठी' असेल तर वायगॉट्स्की. शिकणाऱ्याला गरजेपुरती मदत करणं या अर्थाचा 'आधार देणे' हा शब्द मात्र वायगॉट्स्कींचा नाही. तो 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी रूढ केला, जरी तो सर्रास वायगॉट्स्कींच्याच रकान्यात लिहिलेला दिसतो.

आणि त्या मुलीकडे बाईंनी कान दिला, तर "चाराचे तीनच राहिले" ही पायरी ती बोलते की गाळते, एवढ्यावरून तिला दशक सुटा करणं कळलंय की नाही ते उत्तर तपासण्याआधीच समजतं.