हयात माणसावर चरित्रपट : ‘माझी हरकत नाही’ एवढं पत्र पुरत नाही

गावातल्या एखाद्या हयात माणसावर सिनेमा काढायला निघालेले बरेच निर्माते माझ्याकडे एकच कागद घेऊन येतात. ‘माझ्या जीवनावर चित्रपट काढण्यास माझी हरकत नाही’ आणि खाली सही. एवढ्यावर पैसे लावू नका.

आपल्याकडे ‘लाइफ राइट्स’साठी, म्हणजे एखाद्याच्या आयुष्यावर सिनेमा काढण्याच्या हक्कांसाठी, वेगळा कायदा नाही. 1994च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यायालयाच्या निकालासारख्या सार्वजनिक नोंदींत आलेलं संमतीशिवाय वापरता येतं. त्यापलीकडचं घर, लग्न, मुलंबाळं मात्र नाही. करार लागतो तो या पलीकडच्या भागासाठी, आणि पुढे दावा होऊ नये म्हणून.

एका वस्तादांच्या सिनेमाचं काय झालं ते सांगतो. पटकथेत त्यांची हरलेली कुस्ती दारूमुळे गेली असं दाखवलं होतं. वस्तादांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. चित्रीकरण सुरू झाल्यावर त्यांना हे कळलं, आणि ते थेट वकिलाकडे गेले. पत्रात काल्पनिक प्रसंगांबद्दल अक्षरही नव्हतं. ओटीटी, हिंदी डबिंग, मुदत यांचाही उल्लेख नव्हता. करारात हे सगळं लिहा. कुठल्या प्रसंगांना हात लावायचा नाही, याची यादी परिशिष्ट म्हणून जोडा आणि तिच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या.

सगळ्यात जास्त गाडं अडतं ते घरच्यांपाशी. वस्तादांची संमती म्हणजे त्यांच्या भावाची किंवा घटस्फोटित पत्नीची संमती नव्हे. पडद्यावर त्यांचं खाजगी आयुष्य येणार असेल, तर प्रत्येकाचं संमतीपत्र वेगळं घ्या. कुणी नाहीच म्हणालं, तर नुसतं नाव बदलून भागत नाही. तालमीसमोर दुकान असलेला धाकटा भाऊ गावात कुणीही ओळखेल. तो धागाच बदला किंवा काढून टाका.

त्यांच्यावर पुस्तक असेल, तर त्याचे हक्क लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे असतात. वस्तादांची सही तिथे चालत नाही. इथे मुदतीत हमखास फसगत होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19नुसार, हक्क लेखी लिहून घेतले पण वर्षभरात वापरले नाहीत, तर ते संपतात. करारात वेगळं लिहिलं असेल तरच टिकतात. कालावधी लिहिलाच नसेल, तर तो 5 वर्षं धरतात. सिनेमाला पैसे उभे करण्यातच वर्ष जातं, म्हणून ही ओळ आधी तपासा.

स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार, नोटरी हे नेहमीसारखंच. सेन्सॉरकडे जाताना संमतीपत्रांच्या प्रती फाइलमध्ये असू द्या, तिथे मागतात.

आणि करार इंग्रजीत करून म्हाताऱ्या माणसाची सही घेऊ नका, कळकळीने सांगतो. मराठी प्रत करा, त्यांच्या विश्वासातल्या माणसासमोर ओळन् ओळ वाचून दाखवा आणि ‘वाचून दाखवले, समजले’ असं लिहून त्या वाचणाऱ्याचीही सही घ्या.