गाळात गोठलेला वायू: कृष्णा-गोदावरीच्या समुद्रतळाखालचे इंधन आणि त्याचा धोका

त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी आणि महाबळेश्वरहून निघणारी कृष्णा या दोन्ही नद्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली माती लाखो वर्षे बंगालच्या उपसागरात नेऊन टाकत आल्या आहेत. आंध्रच्या किनाऱ्यासमोर, जिथे समुद्राची खोली हजार मीटर आणि त्याहून अधिक होते, तिथे या गाळाचे जाड थर साचलेले आहेत. गाळाबरोबर पुरले गेलेले वनस्पतींचे आणि सागरी जीवांचे अवशेष ऑक्सिजन नसलेल्या अंधारात सूक्ष्मजीव कुजवतात आणि त्यातून मिथेन तयार होतो. हा मिथेन वर सरकू लागला की थंड पाण्याच्या आणि प्रचंड दाबाच्या पट्ट्यात त्याचा वायुरूप प्रवास थांबतो आणि तो पाण्याबरोबर गोठून घनरूप होतो. या घनपदार्थाला वायू हायड्रेट म्हणतात.

दिसायला तो बर्फासारखा पांढरा असला तरी त्याची रचना बर्फाहून वेगळी आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पोकळ पिंजरे तयार करतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात मिथेनचा एक रेणू अडकून राहतो. पाण्याच्या ४६ रेणूंमागे असे आठ पिंजरे असतात. पिंजरे जवळजवळ भरलेले असतील, तर एक घनमीटर हायड्रेट वितळल्यावर पृष्ठभागावरील दाबाला सुमारे १६४ घनमीटर मिथेन आणि ०.८ घनमीटर पाणी मिळते. मात्र हे पिंजरे टिकण्यासाठी थंडी आणि दाब दोन्ही लागतात. चार अंश सेल्सिअसला वातावरणाच्या सुमारे चाळीसपट दाब, म्हणजे अंदाजे चारशे मीटर पाण्याचा भार, पुरतो, परंतु तापमान वाढले की लागणारा दाब झपाट्याने वाढत जातो. समुद्रतळाखाली जसजसे खोल जावे तसतशी पृथ्वीच्या आतील उष्णता वाढते, त्यामुळे हायड्रेटच्या पट्ट्याला खालूनही एक सीमा पडते. तिच्याखाली मिथेन असला तरी तो मोकळ्या वायूच्या रूपातच राहू शकतो.

ही खालची सीमा जहाजावरून सोडलेल्या ध्वनिलहरींना दिसते. हायड्रेट असलेला गाळ कठीण आणि त्याखालचा वायुमिश्रित गाळ मऊ असल्यामुळे तिथून लहर ठळकपणे परत येते, आणि ही रेघ गाळाच्या थरांना छेदत समुद्रतळाशी समांतर जाते, कारण तिची जागा दाब आणि तापमान ठरवतात. परंतु अशा रेघेवर विसंबून हायड्रेट आहेच असे मानणे चुकीचे ठरते. २००६ साली ‘जॉईडस रिझोल्यूशन’ या खोदकाम जहाजाने भारताच्या राष्ट्रीय वायू हायड्रेट कार्यक्रमाची पहिली मोहीम केली, तेव्हा कोकण-केरळ किनाऱ्यासमोर खोदलेल्या विहिरीत हायड्रेट सापडले नाही. खरा पुरावा गाळाचा नमुना वर आणल्यावरच मिळतो. वर येताना दाब कमी होऊन हायड्रेट वितळू लागते आणि वितळताना भोवतालची उष्णता शोषून घेते, म्हणून नमुन्याच्या नळीवर अवरक्त कॅमेरा फिरवला की हायड्रेटच्या जागी थंड डाग दिसतात. शिवाय त्या भागातील गाळाच्या पाण्याची खारटपणाची पातळी खाली आलेली असते, कारण पिंजऱ्यांत मीठ शिरू शकत नाही आणि वितळलेले पाणी गोडे असते.

त्याच मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, सुमारे हजार मीटर पाण्याखाली, गाळाच्या जवळजवळ १३० मीटर जाडीत हायड्रेट आढळले. हा शोध खरोखर मोठा होता, परंतु मला वाटते, या आकड्याने आपल्याकडे जी अपेक्षा निर्माण केली ती घाईची होती. हे हायड्रेट चिकणमातीतील भेगांमध्ये गोठलेले होते. चिकणमातीची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की त्यातून वायू किंवा पाणी जवळपास वाहतच नाही. विहिरीतून पाणी उपसून दाब कमी केला तरी तो परिणाम विहिरीपासून दूरवर पोहोचत नाही, आणि जिथे दाब उतरत नाही तिथे हायड्रेट वितळत नाही. म्हणून इंधनाच्या दृष्टीने किती हायड्रेट आहे यापेक्षा ते कशात गोठले आहे हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. वाळूच्या थरात गोठलेले हायड्रेट हवे, कारण वाळूच्या कणांमधून दाबाचा बदल आणि मोकळा झालेला वायू दोन्ही सरकू शकतात. २०१५ साली ‘चिक्यू’ या जपानी जहाजाने केलेल्या दुसऱ्या मोहिमेत मुद्दाम अशाच थरांचा शोध घेण्यात आला, आणि त्याच खोऱ्यात, पहिल्या शोधापेक्षा अधिक खोल पाण्याखाली, हायड्रेटने भरलेली वाळू सापडली.

अशा वाळूतून वायू कसा काढतात हे पाहायचे तर त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च २०१३ मध्ये, याच ‘चिक्यू’ जहाजाने जपानच्या नानकाई खंदकाजवळ केलेली चाचणी तपासावी लागते. समुद्रतळाखालच्या हायड्रेटमधून वायूचे उत्पादन घेण्याची ती जगातील पहिली चाचणी होती. पाण्याची खोली सुमारे हजार मीटर होती आणि हायड्रेटची वाळू तळाखाली सुमारे तीनशे मीटरवर होती. तिथला मूळ दाब वातावरणाच्या सुमारे १३५ पट होता. विहिरीतील पंपाने पाणी उपसून तो ५० पटींच्या आसपास आणण्यात आला. दाब टिकाऊपणाच्या मर्यादेखाली जाताच भोवतालचे हायड्रेट वितळू लागले आणि वायू वर आला. सहा दिवसांत सुमारे १ लाख २० हजार घनमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी वीस हजार घनमीटर वायू मिळाला. समुद्रातील एक चांगली नेहमीची वायूविहीर दिवसाला लाखो घनमीटर वायू देते, हे लक्षात घेतले की या यशाचा आवाका कळतो.

उत्पादन मंद राहण्यामागे उष्णतेचा हिशेब आहे. हायड्रेट वितळवायला, त्यातून मिळणारा मिथेन जाळून जी उष्णता मिळेल तिच्या सुमारे सहा टक्के उष्णता लागते. प्रमाण छोटे वाटले तरी ही उष्णता बाहेरून कोणी पुरवत नाही. ती भोवतालच्या वाळूतूनच घेतली जाते. त्यामुळे थर थंड होतो, वितळण्याचा वेग उतरतो, आणि दाब फार वेगाने खाली नेला तर मोकळे झालेले पाणी गोठून छिद्रे बंद होण्याची भीती असते.

परंतु सहाव्या दिवशी चाचणी थांबली ती थंडीमुळे नव्हे. विहिरीत वाळू शिरू लागली होती. समुद्रतळाखालच्या कमी खोलीच्या थरांत वाळूचे कण दगडासारखे जुळलेले नसतात. त्यांना एकमेकांशी धरून ठेवण्याचे काम हायड्रेटच करत असते. म्हणजे आपण जे इंधन म्हणून काढून नेतो तेच त्या थराचे सिमेंट असते, आणि ते काढले की उरते ती सुटी, पाण्याने भरलेली वाळू, जी वायूच्या प्रवाहाबरोबर विहिरीकडे धावते. २०१७ मध्ये जपानने त्याच परिसरात दोन विहिरींवर पुन्हा चाचणी केली. पहिल्या विहिरीत वाळूने पुन्हा अडथळा आणला. दुसरीत वाळू अडवण्याची व्यवस्था टिकली आणि २४ दिवसांत दोन लाख घनमीटरांहून अधिक वायू मिळाला, तरी दिवसाचा वेग पहिल्या चाचणीच्या निम्म्याच्या आसपास राहिला. चीनने दक्षिण चिनी समुद्रात २०२० मध्ये आडवी विहीर खोदून ३० दिवसांत आठ लाख साठ हजार घनमीटरांपर्यंत मजल मारली. आडव्या विहिरीचा थराशी संपर्क अधिक लांबीवर होतो, म्हणून तिथे एका जागी दाब फार उतरवावा लागत नाही.

विहिरीत वाळू येणे हा धोक्याचा छोटा आविष्कार आहे. हीच गोष्ट उतारावर, मोठ्या क्षेत्रावर आणि कोणाच्या नियंत्रणाविना घडली तर समुद्रतळ घसरू शकतो. पाण्याखाली हजार मीटरवर एक घनमीटर हायड्रेट वितळले तर तिथल्याच दाबाखाली त्याचा वायू आणि पाणी मिळून जवळजवळ दुप्पट जागा मागतात. चिकणमातीने कोंडलेल्या थरात ही जागा मिळत नाही, छिद्रांमधील दाब वाढतो, कणांमधला घर्षणाचा आधार कमी होतो आणि उतार कमकुवत होतो. तरीही या प्रक्रियेला एक अंगभूत लगाम आहे, ज्याचा उल्लेख लोकप्रिय लेखनात क्वचित येतो. वाढलेला दाब उरलेल्या हायड्रेटला पुन्हा स्थिर करतो, त्यामुळे कोंडलेल्या थरात वितळणे आपोआप मंदावते.

नॉर्वेच्या किनाऱ्यासमोर सुमारे ८,१५० वर्षांपूर्वी झालेली स्टोरेगा घसरण हे याबाबत सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण आहे. सुमारे तीन हजार घनकिलोमीटर गाळ घसरला आणि त्याने उठवलेल्या त्सुनामीचे वाळूचे थर आजही स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सापडतात. ही घसरण हायड्रेट वितळल्याने झाली असे दीर्घकाळ मानले जात होते. पुढे घसरणीच्या खड्ड्यातच असलेल्या ओर्मेन लांगे वायुक्षेत्राच्या सुरक्षिततेसाठी सखोल तपासणी झाली आणि वेगळे चित्र पुढे आले. हिमयुगात हिमनद्यांनी भराभर टाकलेल्या गाळाच्या ओझ्यामुळे खालच्या थरांतील पाणी बाहेर पडू शकले नाही, त्याचा दाब वाढत गेला, आणि बहुधा एका भूकंपाने तो उतार सुटला. हायड्रेटचा वाटा असलाच तर दुय्यम होता.

हवामानाच्या बाबतीतही असाच संयम हवा. समुद्र तापला की हायड्रेटमधला सगळा मिथेन एकदम वातावरणात येईल, ही भीती आकर्षक असली तरी उष्णतेला शेकडो मीटर गाळातून खाली उतरायला फार मोठा काळ लागतो, आणि सुटलेला बहुतेक मिथेन गाळातील आणि पाण्यातील सूक्ष्मजीव वाटेतच वापरून टाकतात. स्वालबार्डजवळ सुमारे चारशे मीटर खोलीवर मिथेनचे बुडबुडे सापडले, तेव्हा ते अलीकडच्या तापमानवाढीमुळे आहेत असे सांगितले गेले. पुढील खोदकामातून दिसले की हिमयुग संपल्यावर बर्फाचे ओझे हटून तिथला समुद्रतळ उचलला गेला, त्यामुळे पाण्याचा दाब कमी होऊन हे वितळणे हजारो वर्षांपासून चालू आहे.

उलट दिशेचा धोका मात्र तेल उद्योगाला चांगला परिचित आहे. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीतून तेल उसळत असताना सुमारे १,५०० मीटर खोलीवर उतरवलेला मोठा पोलादी घुमट काही तासांतच निकामी झाला. निसटणारा वायू थंड पाण्याशी मिळून घुमटात हायड्रेट बनला, निर्गममार्ग तुंबला आणि हलक्या हायड्रेटमुळे घुमट वर उचलला जाऊ लागला.

कृष्णा-गोदावरीच्या वाळूत उत्पादनाची चाचणी घ्यायची झाली तर काही दिवसांचा वायूचा आकडा अपुरा ठरेल. समुद्रतळ किती खचला, विहिरीभोवतीच्या गाळात मिथेन गळतो का आणि वरचा चिकणमातीचा थर अखंड राहिला का, हे तळावर आधीपासून बसवलेल्या उपकरणांनी बराच काळ मोजावे लागेल. अलास्कात २०२३-२४ मध्ये जपान आणि अमेरिकेने मिळून कित्येक महिने चालवलेली चाचणी सर्वांत लांब असली तरी ती जमिनीवर, गोठलेल्या भूमीखालच्या थरात झाली. तिथे समुद्रतळाचा उतार नाही आणि वर हजारो मीटर पाणी नाही. म्हणूनच आपल्याकडे पहिली विहीर कमीत कमी उतार असलेल्या, नैसर्गिक भेगांपासून दूर असलेल्या जागी घ्यावी, आणि त्या जागेच्या तळाची स्थिती उपसा सुरू होण्यापूर्वी निदान एक संपूर्ण वर्ष नोंदवून ठेवावी.