नॉट ओन्ली दिसलं की वाक्य उलटं?

"सर, वाक्यात हार्डली किंवा नॉट ओन्ली दिसलं की हेल्पिंग वर्ब कर्त्याच्या आधी आणायचंच ना?"

नाही रे, तो शब्द सुरुवातीला आलाय का ते आधी बघ. 'द बस हॅड हार्डली रीच्ड म्हापसा व्हेन इट रेन्ड' हे सरळच बरोबर, हार्डली पुढे आणलंस तर मात्र 'हार्डली हॅड द बस रीच्ड म्हापसा', आणि व्हेननंतर परत सरळ 'इट रेन्ड', इथेच पोरं मार्क घालवतात. पण एक फसवा प्रकार आहे हं: 'नॉट ओन्ली रवी बट ऑल्सो हिज सिस्टर सिंग्स'. इथे नॉट ओन्ली सुरुवातीला असूनही कर्त्यालाच चिकटलंय, म्हणून काही उलटत नाही. तेच 'नॉट ओन्ली डज रवी सिंग' मध्ये ते क्रियेला लागतं, म्हणून डज येतं आणि सिंग्सचा एस जातो.