लांडगा आणि लाकूडतोडे: फ्रेंच गोष्टीतले दोन भूतकाळ

फ्रेंच शिकणाऱ्याला एक सोपा नियम बहुधा लवकरच सांगितला जातो. जे बराच काळ चालले ते 'एँपार्फे'त, म्हणजे अपूर्ण भूतकाळात लिहावे, आणि जे क्षणात घडले ते पूर्ण भूतकाळात. हा नियम चुकीचा आहे. चौदाव्या लुईने बहात्तर वर्षे राज्य केले हे फ्रेंच इतिहासकार पूर्ण भूतकाळात लिहितो, कारण १६४३ ते १७१५ हा काळ कितीही लांब असला तरी तो दोन्ही टोकांनी बंद करून एक घटना म्हणून मांडलेला असतो. अपूर्ण भूतकाळ क्रिया आतून दाखवतो. ती कधी सुरू झाली आणि कधी संपली, याकडे तो पाहतच नाही.

फ्रेंच लेखक शार्ल पेरो याने १६९७ मध्ये छापलेल्या लाल टोपडीवाल्या मुलीच्या गोष्टीत हे स्पष्ट दिसते. 'इल एते युन फ्वा', म्हणजे 'एके काळी एक होती', या आरंभातले 'एते' अपूर्ण भूतकाळात आहे. मुलगी खेड्यात राहणारी आहे, आईचा तिच्यावर फार जीव आहे, इथपर्यंत काहीच घडत नाही. मग आजी तिच्यासाठी लाल टोपडे करवून घेते आणि तेथे पहिले पूर्ण क्रियापद येते. ते टोपडे तिला इतके शोभत असे की सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. ही दोन्ही क्रियापदे पुन्हा अपूर्ण आहेत. एका घटनेने नवी पार्श्वभूमी तयार केली आणि पुढची घटना तिच्यावर उभी राहणार आहे.

मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. 'होती', 'जात होती' आणि 'हाक मारत' किंवा 'जाई' ही आपली तीन वेगळी रूपे फ्रेंचमध्ये एकाच अपूर्ण भूतकाळात सामावतात. शाळेत रीतिभूतकाळ म्हणून शिकलेले, आणि आज बोलण्यातून जवळजवळ गेलेले 'आजी गोष्ट सांगे' हे रूप त्या काळाच्या एका अंगाशी नेमके जुळते.

खरी गुंफण जंगलात आहे. मुलगी निघाली, आणि आजी दुसऱ्या गावात राहत होती. वाटेत तिला लांडगा भेटला, त्याला तिला खावेसे वाटले, पण त्याची छाती झाली नाही, कारण जंगलात काही लाकूडतोडे होते. निघाली, भेटला, वाटले, छाती झाली नाही, या चार पूर्ण क्रियापदांनी गोष्ट एकेक पाऊल पुढे सरकते. आजीचे राहणे आणि लाकूडतोड्यांचे असणे मात्र अपूर्णात आहे. लाकूडतोडे काहीच करत नाहीत, तरी त्यांच्या नुसत्या असण्यामुळे लांडगा थांबतो. पार्श्वभूमी म्हणजे सजावट नव्हे. एखादी घटना का घडली किंवा का घडली नाही, हे बऱ्याचदा तीच सांगते.

'खावेसे वाटले' हे रूपही निरखण्यासारखे आहे. पेरोने ते अपूर्णात ठेवले असते, तर इच्छा लांडग्याच्या मनात आधीपासून असल्याचे वाटले असते. पूर्ण रूपामुळे ती मुलीला पाहताक्षणी उपजते. 'जाणणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचे असेच होते: अपूर्णात ते 'माहीत होते', तर पूर्णात 'कळले'. मराठीने त्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत.

चूक ओळखण्याची एक कसोटी मला फार उपयोगी वाटते. 'तो आत आला तेव्हा ती गात होती' या वाक्यात गाणे आधीपासून चालू आहे. 'तो आत आला तेव्हा ती गायली' असे म्हटले की गाणे त्याच्या येण्यानंतर सुरू होते. फ्रेंचमध्येही केवळ काळ बदलला की घटनांचा क्रम बदलतो. म्हणून प्रत्येक क्रियापदापाशी 'मग काय झाले?' असे विचारावे; जे त्याचे उत्तर होऊ शकते ते पूर्णात जाते, आणि 'तेव्हा काय चालले होते?' याचे उत्तर अपूर्णात.

आज बोलताना फ्रेंच माणूस पेरोचा पूर्ण भूतकाळ, म्हणजे 'पासे सँप्ल', वापरत नाही. त्याच्या जागी तो साहाय्यक क्रियापदाने बनणारा 'पासे कोंपोझे' घेतो. अपूर्ण भूतकाळ मात्र दोन्हीकडे तोच राहतो. नियमाला एक खरा अपवादही आहे. चरित्रांत आणि बातम्यांत 'आठ दिवसांनी तो मरत होता' अशा रचनेचे वाक्य येते आणि त्याचा अर्थ तो मेला असाच असतो. तेथे काळाची नेमकी खूण वाक्यारंभी असल्यामुळेच वाचक त्याला घटना मानतो.

पार्श्वभूमी आधीच आली पाहिजे असेही नाही. लांडगा आजीवर झडप घालतो, तिला गिळून टाकतो, ही दोन्ही पूर्ण क्रियापदे होऊन गेल्यावर पेरो अपूर्णाकडे वळून कारण देतो: तीन दिवसांहून अधिक काळ त्याच्या पोटात काही गेले नव्हते. शेवटी मुलीची पाळी येते, तेव्हा तो झडप घालतो आणि तिला खातो. जंगलात त्याला अडवणारे लाकूडतोडे आजीच्या घरात नव्हते, आणि त्या शेवटच्या वाक्यात एकही अपूर्ण क्रियापद नाही.