तंबोला आणि अमेरिकन बिंगो: कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत सगळं गोत एका वेळी खेळू शकेल असा खेळ शोधायचा तर सात वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळे सारख्याच तयारीने बसू शकतील, असे खेळ फार थोडे आहेत. तंबोला त्यांतला एक. त्यात कौशल्य लागत नाही, माणसं तीस झाली तरी कुणाला वाट पाहत बसावं लागत नाही, आणि परगावचे व्हिडिओ कॉलवरून सामील होऊ शकतात. पण ग्रुपवर कुणी नुसतं लिहिलं की ‘लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बिंगो खेळूया, आपापली तिकिटं काढून ठेवा’, तर घोळाला तिथूनच सुरुवात होते. पुण्यातली काकू तंबोल्याची तिकिटं काढते, गोव्यातला मामा त्यालाच हाउजी म्हणतो, लंडनची ताई ज्याला बिंगो म्हणते तोही हाच खेळ, आणि न्यू जर्सीचा दादा मात्र वेगळ्याच खेळाचं कार्ड छापून बसतो.

तंबोल्यात 1 ते 90 आकडे असतात. तिकिटावर तीन आडव्या ओळी आणि नऊ उभे रकाने, म्हणजे सत्तावीस घरं. त्यांतली बारा रिकामी असतात आणि पंधरा भरलेली, प्रत्येक ओळीत बरोबर पाच. पहिल्या रकान्यात 1 ते 9, दुसऱ्यात 10 ते 19, असं करत शेवटच्यात 80 ते 90. अमेरिकन बिंगोत आकडे 75 पर्यंतच असतात. कार्ड पाच बाय पाचचं, वर बी, आय, एन, जी, ओ ही अक्षरं, प्रत्येक अक्षराखाली पंधरा आकड्यांच्या टप्प्यातले आकडे, आणि मधलं घर फुकटात भरलेलं. म्हणजे भरायचे आकडे चोवीस.

दोन्हीकडे कुणीतरी आकडे पुकारतं आणि बाकीचे खोडतात, म्हणून एकाच डावात दोन्ही कार्डं चालतील असं वाटतं. ती चालत नाहीत, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. 90 आकड्यांच्या डावात 76 ते 90 हे पंधरा आकडे अमेरिकन कार्डावर असूच शकत नाहीत, त्यामुळे सरासरी दर सहावा पुकारा दादासाठी वाया जातो. तरीही ओळीच्या बक्षिसात दादाच पुढे राहतो. काकूच्या तिकिटावर तीनच ओळी आणि प्रत्येकीत पाच आकडे. दादाच्या कार्डावर आडव्या पाच, उभ्या पाच आणि तिरप्या दोन मिळून बारा ओळी धरल्या जातात, आणि त्यांतल्या चार मधल्या फुकट घरातून जातात, म्हणजे तिथे चार आकड्यांत काम होतं. उलट फुल हाउसला, म्हणजे सगळे आकडे खोडायला, काकूला पंधरा आकडे लागतात, दादाला चोवीस. फुल हाउस त्याच्या हाती जवळपास लागतच नाही.

चारही कोपऱ्यांच्या बक्षिसावर तर हमखास वाद होतो. हे तिकीट पाहा: वरच्या ओळीत 4, 23, 41, 62, 85. मधल्या ओळीत 7, 15, 38, 52, 79. खालच्या ओळीत 19, 27, 58, 68, 90. तंबोल्यात कोपरे म्हणजे वरच्या आणि खालच्या ओळीतला पहिला व शेवटचा आकडा, इथे 4, 85, 19 आणि 90. यातला 19 दुसऱ्या रकान्यात आहे, चौकटीचा खालचा डावा कोपरा रिकामाच आहे. अमेरिकन बिंगोची सवय असलेला माणूस त्या रिकाम्या घराकडे पाहून ‘माझ्या तिकिटाला कोपराच नाही’ म्हणतो आणि हातचं बक्षीस घालवतो.

लहान मुलांचे झटपट डाव करायचे असतील तर अमेरिकन बिंगो चांगला, कारण पहिली ओळ लवकर लागते. पण सगळ्या गोतासाठी तंबोलाच घ्यावा. सगळ्यांत आधी कुठलेही पाच आकडे खोडणाऱ्याला जल्दी पाच, मग तीन ओळी, कोपरे आणि फुल हाउस अशी सहा बक्षिसं टप्प्याटप्प्याने निघतात, त्यामुळे शेवटपर्यंत सगळे गुंतून राहतात. तीस तिकिटं असतील तर फुल हाउस साधारण सत्तराव्या आकड्याच्या आसपास लागतं. आकड्यामागे पंधरा सेकंद धरले तर डाव सतरा-अठरा मिनिटांचा, आणि दावे तपासायला वर पाचेक मिनिटं.

म्हणून मेसेजमध्ये खेळाचं नाव पुरत नाही, तिकिटाचं वर्णन हवं. असा मेसेज चालेल:

‘सगळ्यांना नमस्कार. पाडव्याच्या दिवशी भारतात रात्री 8:30 ला (लंडन दुपारी 3, न्यू जर्सी सकाळी 10) आपण तंबोला खेळणार आहोत. आकडे 1 ते 90. कुणीही स्वतः तिकीट काढू नये, मी प्रत्येकाला क्रमांक घातलेलं एक तिकीट वैयक्तिक पाठवीन. ते कागदावर उतरवून घ्या आणि पेन जवळ ठेवा. तिकीट 20 रुपये. परदेशातल्यांचे पैसे इथले घरचे भरतील. शेवटच्या पुकारलेल्या आकड्यावरच दावा करायचा, पुढचा आकडा आला की दावा गेला. दावा चुकला तर बोगी, ते तिकीट बाद. दोघांचा दावा एकदम आला तर बक्षीस निम्मं-निम्मं. काका, आत्या, तुम्हाला वेळ जमेल ना, तेवढं कळवा.’

यातल्या वेळा नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेल्यानंतरच्या आहेत. दिवाळी ऑक्टोबरात आली तर न्यू जर्सीत सकाळचे 11 वाजतील, त्यामुळे दरवर्षी जुना मेसेज तसाच पुढे ढकलू नये. तिकीट ग्रुपवर न टाकता वैयक्तिक पाठवायचं, कारण ग्रुपवर तीस चित्रं आली की दोघं एकच तिकीट उघडून बसतात. फोनवरच्या चित्रावर खोडत बसलं तर कॉलची खिडकी मागे जाते आणि दोन आकडे निसटतात, म्हणून कागद. तीस तिकिटांचे 600 रुपये जमतात: जल्दी पाचला 60, तीन ओळींना आणि कोपऱ्यांना प्रत्येकी 80, फुल हाउसला 220.

पुकारण्यातही दोन जागा सांभाळायच्या. चिठ्ठ्या हाताने लिहिल्या असतील तर प्रत्येक आकड्याखाली रेघ ओढा, नाहीतर 68 उलटा धरला की 89 वाचला जातो आणि 19 चा 61 होतो. दुसरं, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी कॉलच्या आवाजात सारखेच ऐकू येतात, आणि परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी संख्या पटकन उमगत नाहीत. म्हणून ‘सहा, नऊ, एकोणसत्तर’ असं आधी अंक सुटे सांगून पुकारावं. पुकारणाऱ्याशेजारी बसलेल्या कुणीतरी तोच आकडा लगेच ग्रुपवर टाइप करावा. कॉल काही सेकंद अडकला तरी राहिलेला आकडा तिथे सापडतो, आणि दावा तपासताना तीच यादी प्रमाण धरता येते.