कारको भावनाशाय

फलज्योतिषात पत्रिकेतल्या प्रत्येक स्थानाच्या विषयाला एक नैसर्गिक कारक ग्रह नेमलेला असतो. पित्याचा कारक रवी, मातेचा चंद्र, धाकट्या भावंडांचा मंगळ, संततीचा गुरू, जोडीदाराचा शुक्र आणि आयुष्याचा शनी. लग्न कोणतेही असो, हे कारक बदलत नाहीत. जैमिनी पद्धतीतले चर कारक वेगळे. ते ग्रहांच्या अंशांवरून ठरतात.

कारक आपल्याच स्थानी बसला तर त्या स्थानाचे फळ बिघडते, असे ‘कारको भावनाशाय’ हे वचन सांगते. हे वाचताना नवशिक्याला धक्का बसतो, कारण गुरूसारखा शुभ ग्रह पंचमात, म्हणजे संततीच्या पाचव्या स्थानी असणे वाईट कसे? उत्तर पत्रिका पाहण्याच्या रीतीत आहे. कोणताही विषय भाव म्हणजे ते स्थान, भावेश म्हणजे त्या स्थानातल्या राशीचा स्वामी आणि कारक अशा तिघांवरून तपासतात. कारक भावातच जाऊन बसला की दोन आधार एका जागी येतात आणि त्या घरावर पडलेली एकच पापदृष्टी दोघांनाही लागते. शिवाय ग्रह ज्या घरात बसतो त्या घरावर त्याची दृष्टी पडत नाही. ‘स्थानहानिकरो जीवः’ असे गुरूबद्दल म्हणतात ते याच अर्थाने: तो पाहतो ती घरे फुलवतो, बसतो त्या घराला ते सुख मिळत नाही.

मेष लग्नाची पत्रिका घेऊ. पंचमात सिंह राशीत गुरू आणि लाभात, म्हणजे अकराव्या स्थानी, कुंभेचा शनी आहे. शनीची सातवी दृष्टी पंचमावर येते, म्हणून भाव आणि कारक दोन्ही पीडित होतात. हाच गुरू नवमात धनू राशीत असता, तर शनीची दृष्टी भावावर राहिली असती, पण कारक सुटला असता. वर त्याची नववी दृष्टी पंचमाला आधार देणारी ठरली असती.

आता पहिल्याच पत्रिकेत पंचमेश रवी धनू राशीत ठेवला, तर दोघे एकमेकांच्या राशीत येऊन रवी-गुरूचा अन्योन्य योग होतो. धनू राशीवर शनीची दृष्टी पोहोचत नाही आणि भावेश सुरक्षित राहतो. अशा वेळी संततीला विलंब सांगावा, अभाव नव्हे. एवढ्यावरून जोडप्याला घाबरवणारा ज्योतिषी नियम अर्धाच वाचतो. नियमाचा रोखही कारकत्वापुरता, म्हणजे संततीपुरता असतो. पंचमावरूनच पाहिल्या जाणाऱ्या विद्येला हा गुरू पोषक मानतात. अर्थात हा सारा परंपरेतला विचार आहे, त्याला वैज्ञानिक पुरावा नाही.

परंपरेतही या नियमावर एकमत नाही. ‘फलदीपिके’त मंत्रेश्वराने नवमातला रवी, चतुर्थातला चंद्र, तृतीयातला मंगळ, पंचमातला गुरू, सप्तमातला शुक्र आणि अष्टमातला शनी क्लेशकारक सांगितले, पण ते ‘असे इतर म्हणतात’ अशी पुस्ती जोडून. अष्टमातला शनी मात्र बहुतेक ज्योतिषी या यादीतून वगळतात आणि त्याला दीर्घायुष्य देणारा मानतात.